फ्रिज परत गेला, हप्ता मात्र चालूच!

दुकानदाराने वस्तू परत घेतली, म्हणजे व्यवहार मिटला, अशी आपली सरळ समजूत असते. रोखीच्या खरेदीत ती बरोबरही आहे. वस्तू दिली, पैसे घेतले, विषय संपला. परंतु हप्त्याने घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत हीच समजूत कष्टकरी कुटुंबाला महागात पडते. वस्तू घरातून गेलेली असते आणि तरीही पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून पैसे कापले जातात. असे का होते, आणि ते थांबवायचे कसे, हे घरातील सर्वांनी, विशेषतः ज्यांच्या नावावर कर्ज आहे त्यांनी, नीट समजून घेतले पाहिजे.

पूर्वी भाडे-खरेदी नावाची पद्धत होती. सर्व हप्ते फिटेपर्यंत वस्तूची मालकी पैसे देणाऱ्या कंपनीकडेच राहत असे. त्यामुळे वस्तू कंपनीला परत केली, तोपर्यंतची बाकी चुकती केली की करार संपवता येत असे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात हप्त्याचे जे चित्र आहे ते या पद्धतीचे आहे. आज दुकानात टेबल मांडून बसलेला फायनान्सवाला मुलगा आपल्याकडून जे कागद करून घेतो, ते मात्र निराळे असतात. त्यात एकाच वेळी दोन करार होतात. पहिला दुकानदाराशी, वस्तूच्या विक्रीचा. दुसरा फायनान्स कंपनीशी, कर्जाचा. कंपनी कर्जाचे पैसे आपल्या हातात न देता परस्पर दुकानदाराला देते, म्हणून हा दुसरा करार आपल्या नजरेआड राहतो. वस्तू परत केल्याने पहिला करार मोडतो. दुसरा आपोआप मोडत नाही. सगळ्या घोळाचे मूळ येथेच आहे.

एक हिशेब डोळ्यांसमोर आणू या. समजा, आपल्या एका भगिनीने मार्चच्या तीन तारखेला २४,००० रुपयांचा फ्रिज घेतला. बिनव्याजी योजना होती. त्यातले ८,००० रुपये दुकानात रोख भरले आणि १६,००० रुपयांचे कर्ज झाले. शिवाय दुकानातल्या माणसाने वाढीव वॉरंटी गळ्यात मारली, तिचे १,६०० रुपयेही कर्जातच घातले. म्हणजे एकूण कर्ज १७,६०० रुपये, दरमहा २,२०० रुपयांचे आठ हप्ते, पहिला हप्ता पाच एप्रिलला. याखेरीज प्रोसेसिंग फी म्हणून ६०० रुपये वेगळे गेले. फ्रिज गार होईना. कंपनीचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला, शेवटी त्याने दोष असल्याचे लिहून दिले आणि वीस मार्चला दुकानदाराने फ्रिज परत नेला. ८,००० रुपयेही परत दिले. "ताई, लोनचं आम्ही बघतो, तुम्ही निर्धास्त राहा," असे तोंडी सांगितले.

पाच एप्रिलला २,२०० रुपये कापले गेले. ताईंनी दुकानात विचारले तर उत्तर आले, "मेल केलाय, होऊन जाईल." तेव्हा त्यांनी बहुतेक जण करतात तेच केले. मे महिन्याचा हप्ता कापता येऊ नये म्हणून खात्यातले पैसे काढून घेतले. माणसाच्या दृष्टीने हे अगदी स्वाभाविक आहे. पण नुकसान खरे येथून सुरू होते.

खात्यावरून हप्ता कापण्याची परवानगी आपण सही करून किंवा मोबाइलवर दिलेली असते. या व्यवस्थेला नाच म्हणतात. पासबुकात अशा नोंदीपुढे बहुधा ACH अशी अक्षरे दिसतात. खात्यात पैसे नसताना हप्त्याची मागणी आली की ती परत जाते. मग आपली बँक एक दंड लावते आणि फायनान्स कंपनी दुसरा. दोन्ही मिळून पाचशे-हजाराच्या घरात सहज जातात. कर्जाच्या नोंदीत हप्ता थकल्याचा शेरा पडतो तो निराळाच. एवढेच नव्हे, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार खात्यात पैसे नसल्याने असा हप्ता परत गेला, तर चेक न वटल्यासारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. त्याआधी नोटीस द्यावी लागते आणि पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. म्हणून अशी नोटीस आली तर ती बाजूला टाकून देऊ नये. बँकेत जाऊन ही परवानगी रद्दही करता येते. पण परवानगी रद्द म्हणजे कर्ज रद्द नव्हे. देणे तसेच राहते.

मग कर्ज मिटते कसे? दुकानदाराला जे पैसे फायनान्स कंपनीकडून मिळाले, ते त्याने कंपनीला परत करायचे असतात आणि सोबत व्यवहार रद्द झाल्याचे कळवायचे असते. ते पैसे जमा झाल्यावरच कंपनी कर्जखाते बंद करते आणि आपण भरलेले हप्ते आपल्या खात्यात परत देते. या मधल्या टप्प्यात अडते ते असे. बिनव्याजी योजनेत व्याज नसते असे नाही. ते वस्तू बनवणारी कंपनी किंवा दुकानदार सोसतो, आणि फायनान्स कंपनी तेवढी रक्कम कापून दुकानदाराला पैसे देते. व्यवहार उलटला की हा फरक कोणी सोसायचा यावर त्यांच्यात घोळ चालतो आणि आपला कागद टेबलावर पडून राहतो. दुसरे कारण साधे आहे: हप्त्यांची यादी बँकेकडे तारखेच्या काही दिवस आधीच गेलेली असते. म्हणून चार एप्रिलला कर्ज रद्द झाले तरी पाच एप्रिलचा हप्ता कापला जाऊ शकतो. तो मागाहून परत येतो, त्याने घाबरू नये.

आपल्या उदाहरणात दुकानदाराने मेमध्ये १६,००० रुपये भरले असे धरू. एक हप्ता गेल्यामुळे कर्ज १५,४०० रुपये उरले होते. म्हणजे ताईंना ६०० रुपयेच परत मिळाले, आणि थकल्याचा दंड धरला तर तेही नाहीत. त्यांचा प्रश्न रास्त होता की भरलेल्या २,२०० मधले १,६०० गेले कुठे? ते गेले वाढीव वॉरंटीत! फ्रिजच नाही आणि वॉरंटी मात्र चालू. वॉरंटी किंवा विमा हा तिसराच व्यवहार असतो आणि तो वेगळा अर्ज देऊन रद्द करून घ्यावा लागतो. याहून वाईट असे की, एकही हप्ता कापला गेला नसता तर हेच १,६०० रुपये कर्जखात्यावर बाकी राहिले असते. आपण समजतो सगळे मिटले, आणि ती चिमूटभर बाकी महिनोन्‌महिने थकबाकी म्हणून नोंदली जाते. प्रोसेसिंग फीचे ६०० रुपये फायनान्स कंपनी बहुधा परत देत नाही. वस्तूच सदोष असेल तर ते दुकानदाराकडे मागावेत, असे माझे मत आहे. कारण चूक त्याच्या मालाची आहे.

तेव्हा, वाचक बंधू-भगिनींनो, वस्तू दुकानदाराच्या टेम्पोत चढवण्यापूर्वी त्याच्याकडून परतीची पावती घ्या. तिच्यावर बिलाचा क्रमांक, वस्तूचा सिरियल नंबर, परतीची तारीख आणि कर्जखात्याचा क्रमांक हवा. त्याच दिवशी फायनान्स कंपनीला स्वतः लिहा. दुकानदार कळवील यावर राहू नका. मजकूर एवढा पुरे: "कर्जखाते क्रमांक अमुक यावर घेतलेला फ्रिज सदोष असल्याने विक्रेत्याने दिनांक अमुक रोजी परत घेतला आहे. परतीची पावती सोबत जोडली आहे. कर्ज व त्यातील वाढीव वॉरंटी रद्द करावी, भरलेले हप्ते परत करावेत आणि कर्ज बंद झाल्याचे पत्र द्यावे." तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो लिहून ठेवा. आणि बंद झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत हप्त्यापुरते पैसे खात्यात राहू द्या. नसलेल्या फ्रिजचे पैसे भरायचे हे मनाला पटत नाही, मान्य आहे. पण भरलेला हप्ता मागून मिळवता येतो, बिघडलेली नोंद दुरुस्त करायला मात्र फार वेळ जातो.

क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तेथे परतीची रक्कम कार्डावर एकदम जमा होते, पण अनेक बँकांत आपण स्वतः सांगितल्याशिवाय हप्ते बंद होत नाहीत. शिवाय बिनव्याजी म्हटलेल्या खरेदीत दुकानदार व्याजाएवढी सूट देतो आणि बँक व्याज लावतेच, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही. वस्तू परत केली की दुकानदार सूट वजा जाता रक्कम देतो. तोवर लागलेले व्याज आणि जीएसटी सहसा परत येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठे ना कुठे लपवलेले असते.

मोबाइलवरून घेतलेल्या कर्जाला, "आता घ्या, नंतर भरा" या प्रकारालाही, एक सवलत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार अशा कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्यासाठी किमान एक दिवसाची मुदत द्यावी लागते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांपुरते व्याज भरले की कर्ज संपते, फार तर प्रोसेसिंग फी जाते. नेमकी मुदत किती, हे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकात असते. ते पत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे, म्हणून मराठीत मागावे.

दुकानदार सदोष वस्तू परतच घेत नसेल तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र रंग आवडला नाही, शेजारी स्वस्त मिळाला, अशा कारणांना हे कलम लागू नाही. तेथे दुकानाचेच नियम चालतात. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करावा. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तेथे फी लागत नाही. तक्रारीत दुकानदार आणि फायनान्स कंपनी दोघांनाही सामील करावे, नाहीतर आयोगापुढे एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८.

पत्र मिळाल्यावर दोन महिन्यांनी आपला पत अहवाल काढून पाहावा. सिबिलसह चारही संस्थांकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तेथे त्या कर्जापुढे Closed लिहिलेले हवे. Settled असेल तर गप्प बसू नये. त्याचा अर्थ, कंपनीने कमी रकमेवर तडजोड केली असा घेतला जातो, आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर हाच शब्द आड येतो. चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपयांप्रमाणे भरपाई मागता येते.