खारपाणपट्ट्याची माती आणि क्ष-किरणांचा कोन

सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांतून उतरून पश्चिमेकडे तापीस मिळणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून ज्या सखल काळ्या भूमीतून वाहते, त्या भूमीस वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या शेतकऱ्यास तिचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. वैशाखात ती हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते, आणि मृगाचे पाणी पडले की त्याच भेगा मिटवून अशी फुगते, की वाफसा येण्याची वाट पाहता पाहता पेरणीची वेळ टळून जावी. जमाबंदीच्या दप्तरात तिची नोंद ‘काळी’ एवढ्या एका शब्दात आटोपली असली, तरी ती फुगते कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर दप्तरात नसून एका अतिसूक्ष्म अंतराच्या मोजणीत आहे.

दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून येथे जी चिकणमाती निपजली, तिच्यातील प्रधान खनिज स्मेक्टाइट होय. त्याचा प्रत्येक कण एकावर एक रचलेल्या सिलिकेटच्या पापुद्र्यांचा असतो. एका पापुद्र्याची जाडी सुमारे १० आँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या दसपट. दोन पापुद्र्यांच्या मधल्या फटीत कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा सोडियमचे आयन पाण्याच्या रेणूंसह बसतात आणि पाण्याच्या प्रमाणाप्रमाणे ती फट रुंदावते वा आवळते. तेव्हा एका पापुद्र्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजता आले, तर मातीचा स्वभावच मोजता आला.

दृश्य प्रकाश या कामी निरुपयोगी ठरतो, कारण त्याची तरंगलांबी ५००० आँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे मोजावयाच्या अंतराच्या शेकडो पट असते. तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांची सरासरी तरंगलांबी मात्र १.५४१८ आँगस्ट्रॉम आहे. स्फटिकांतून क्ष-किरणांचे विवर्तन होते, हे १९१२ साली म्युनिकमध्ये लाउए याच्या सूचनेवरून केलेल्या प्रयोगात दिसून आले. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंब्रिज येथे लॉरेन्स ब्रॅग या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणाने त्या चित्रांचा असा सोपा अर्थ लावून दाखविला, की स्फटिकातील अणूंची समांतर प्रतले क्ष-किरणांचा अल्पसा अंश परावर्तित करतात आणि हे अंश एकमेकांस अनुकूल पडतील तेथेच तेजस्वी शलाका उमटते.

अनुकूल पडणे म्हणजे काय, ते पाहू. वरच्या प्रतलावरून परतणाऱ्या किरणापेक्षा खालच्या प्रतलावरून परतणाऱ्या किरणास जाताना आणि येताना मिळून जो अधिक मार्ग चालावा लागतो, तो प्रतलांमधील अंतर d आणि किरणाने प्रतलाशी केलेला कोन θ असता 2d sin θ इतका भरतो. हा जादा मार्ग तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तरच दोन्ही लाटांचे शिखर शिखरावर पडते. म्हणून अट अशी:

nλ = 2d sin θ

येथे कोन प्रतलापासून मोजावयाचा असतो, लंबापासून नव्हे. अट किंचितही ढळली की शलाका जवळजवळ नाहीशी का व्हावी, याचे मर्म प्रतलांच्या संख्येत आहे. हजार प्रतलांच्या स्फटिकात शेजारच्या दोन किरणांत तरंगलांबीचा केवळ एक हजारांश फरक पडला, तरी पहिल्या व पाचशे एकाव्या प्रतलांचे किरण अर्ध्या लाटेने चुकतात आणि परस्परांस पुसून टाकतात. दुसऱ्याची तीच गत पाचशे दोनाव्याशी. परंतु स्मेक्टाइटच्या कणात पुष्कळदा मोजकेच पापुद्रे असल्यामुळे ही खोडाखोड अपुरी राहते, आणि आलेखावर टोकदार सुळक्याऐवजी पसरट उंचवटा दिसतो. तो उपकरणाचा दोष नव्हे.

परीक्षेसाठी मातीतील चुना सौम्य आम्लधर्मी द्रावणाने, सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि लोहाची ऑक्साइडे रासायनिक क्रियेने काढून टाकतात, आणि मग पाण्यात कालवून दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कण तेवढे निथळून घेतात. हा गाळ काचपट्टीवर सावकाश वाळू दिला, की चपटे कण आडवे होऊन काचेस समांतर बसतात आणि पापुद्र्यांचे परावर्तन बळावते. मात्र त्यामुळेच शलाकेची उंची खनिजाच्या प्रमाणाचे सरळ माप राहत नाही, ही गोष्ट अनेक अहवालांत विसरली जाते.

आता उदाहरणादाखल, अशा मातीत नेहमी भेटणारे आकडे घेऊ. कॅल्शियमने भरलेल्या, हवेत वाळविलेल्या नमुन्याची शलाका ६.० अंशांवर आली. यंत्र नेहमी 2θ दाखविते, म्हणून θ झाला ३.० अंश. त्याची ज्या ०.०५२३४, दुपटीने १.५४१८ ला भागले असता अंतर निघते १४.७ आँगस्ट्रॉम. येथे कोन अर्धा करण्यास जो विसरेल त्याचे उत्तर ७.४ येईल, आणि केओलिनाइटचे अंतर ७.१५ च्या आसपास असल्यामुळे चूक उघडकीस न येता भलतेच खनिज रुजू होईल.

तथापि १४.७ हा आकडा एकटा काहीच सिद्ध करीत नाही; स्मेक्टाइट, व्हर्मिक्युलाइट व क्लोराइट ही तिन्ही खनिजे याच सुमारास शलाका देतात. म्हणून जसा न्यायाधीश एकाच साक्षीदाराची जबानी निरनिराळ्या प्रसंगी घेऊन तिचा मुकाबला करतो, तसा हाच नमुना पुनःपुन्हा तपासावा लागतो. एथिलीन ग्लायकॉलची वाफ दिल्यावर शलाका ५.२ अंशांवर सरकली, तर अंतर १७.० होते: फट रुंदावली. १०.४ अंशांवर दुसरी शलाका असेल, तर तेथे n = २ धरून पुन्हा १७.० च निघते आणि पहिल्या मोजणीस पुष्टी मिळते. त्याच मातीचा दुसरा नमुना पोटॅशियमने भरून ५५० अंश सेल्सियसपर्यंत तापविला, आणि शलाका ८.८ अंशांवर गेली, तर अंतर १०.० उरते: पाणी गेले, फट मिटली. व्हर्मिक्युलाइट ग्लायकॉलने फारसे फुगत नाही, क्लोराइट तापवूनही १४ सोडीत नाही. फुगून मिटणारे ते स्मेक्टाइट. मिटल्यावरही १० ची शलाका लहान कोनांच्या बाजूस पसरट राहिली, तर फटीत काही हायड्रॉक्साइडचे अवशेष अडकले आहेत, असे समजावे.

लहान कोनांत मोजणी फार नाजूक असते. ५.२ ऐवजी ५.३ वाचले गेले, तर १७.० चे १६.७ होतात; तीच दशांशाची चूक २६.६५ अंशांजवळ, क्वार्ट्झच्या शलाकेपाशी, अंतर जेमतेम एक शतांश आँगस्ट्रॉमने बदलते. क्वार्ट्झचे ३.३४ हे अंतर निश्चित असल्याने, त्याची शलाका जागेवर आहे की नाही हे प्रथम पाहावे. ती ढळली असेल, तर काचपट्टी नीट बसलेली नाही, किंवा यंत्राचा शून्यांक सरकला आहे.

परंतु या साऱ्या मोजणीतून खारपाणाचा निर्णय लागत नाही. १९९६ साली बलपांडे, देशपांडे व पाल यांनी पूर्णेच्या खोऱ्यावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मातीच्या ऱ्हासाचा संबंध सोडियम आणि पाण्याच्या मंद निचऱ्याशी जोडलेला आहे. आणि आपण नमुना कॅल्शियमने भरला त्याच क्षणी शेतातील मूळ सोडियम धुऊन निघाले. फुगणारे खनिज आहे, एवढेच क्ष-किरण सांगतात. किती सोडियमने ते विस्कटले, हे आयनांच्या मोजणीनेच कळते. म्हणून आपल्या शेताच्या मातीचा अहवाल हाती आला आणि त्यात एकाच आलेखावरून स्मेक्टाइटचा दाखला दिलेला असेल, तर वाचकांनी ग्लायकॉलचा व तापविलेल्या नमुन्याचा आलेख आणि विनिमेय सोडियमचा आकडा मागून घ्यावा.