सहल ‘छान झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘सहल छान झाली, जेवण उत्तम, ड्रायव्हर स्वभावाने चांगला.’ पॅकेज टूरविषयीचे बहुतेक अभिप्राय एवढ्यावरच संपतात. आईवडील आणि मुलांना घेऊन निघण्याचा विचार करणाऱ्या माणसाला यातून काहीच ठरवता येत नाही. त्याला एकच गोष्ट हवी असते: कंपनीने कागदावर काय लिहून दिलं होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं. म्हणून अभिप्राय लिहायला बसताना सहलीची छापील कार्यक्रमपत्रिका आणि कोटेशन समोर ठेवावं. कोची, मुन्नार, थेक्कडी, अलप्पुळा या आपल्याकडच्या अनेक कुटुंबांच्या ओळखीच्या पाच रात्रींच्या सहलीवरून हे पाहू.

आधी कार्यक्रम. ‘पाच रात्री, सहा दिवस’ या शब्दांत प्रवासाचे तास लपलेले असतात. कोचीहून मुन्नार साधारण 130 किलोमीटर, पण घाटामुळे चार-पाच तास लागतात. मुन्नारहून थेक्कडी जेमतेम 90 किलोमीटर, तरी तीन-चार तास जातात. म्हणजे पहिला दिवस बहुतेक गाडीतच संपतो आणि कागदावर त्या दिवसापुढे लिहिलेले दोन धबधबे रस्त्याच्या कडेला थांबून पाहायचे असतात. त्यातही चीयप्पारा आणि वळरा हे धबधबे भर उन्हाळ्यात अगदी बारीक होतात. अभिप्रायात ‘सगळी ठिकाणं दाखवली’ असं लिहिण्याऐवजी सकाळी किती वाजता निघालात, कुठे किती वेळ मिळाला आणि कोणतं ठिकाण नुसतं गाडीतून दाखवलं, ते लिहा. वाचणाऱ्याबरोबर सत्तरीतले वडील असतील, तर त्याला हीच माहिती लागते.

महिना आणि वार न विसरता लिहावेत. मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहरच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पर्यटकांसाठी बंद असतं. कोचीतला मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि शनिवारी शेजारचं सिनेगॉगही उघडत नाही. तुमच्या सहलीचा कोचीतला दिवस शुक्रवारी येणार हे कंपनीला बुकिंग घेतानाच ठाऊक असतं. तरीही तिने राजवाडा छापला असेल, तर ते दिलेलं वचन मोडणंच आहे आणि तसं स्पष्ट लिहावं. पण पावसात दरड कोसळून घाट बंद झाला आणि एक ठिकाण राहिलं, तर त्याचा दोष कंपनीवर टाकू नये. अशा वेळी तिने पर्याय काय दिला आणि न वापरलेल्या तिकिटाचे पैसे परत केले का, तेवढं नोंदवावं. हा फरक न करणारा अभिप्राय चांगल्या कंपनीवर अन्याय करतो आणि वाईट कंपनीला सोडून देतो.

हॉटेलच्या बाबतीत ‘थ्री स्टार’ या शब्दावर थांबू नका. कोटेशनमध्ये ‘मुन्नार’ लिहिलेलं हॉटेल पुष्कळदा चिन्नकनाल किंवा आनच्चालच्या बाजूला असतं. तिथून दिसणारा देखावा सुंदर असेलही, पण संध्याकाळी पायी बाजारात जाता येत नाही. म्हणून मुख्य गावापासूनचं अंतर लिहावं. हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असे दोन शब्द असतात आणि गर्दीच्या दिवसांत त्यांच्याच आधारावर हॉटेल बदललं जातं. बदललं असेल तर दोन्ही नावं लिहा आणि बदल कधी कळवला तेही लिहा. निघण्यापूर्वी आठ दिवस कळवणं आणि रात्री नऊ वाजता दारात उभं राहिल्यावर सांगणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. लिफ्ट आहे का, गरम पाणी ठरावीक वेळेलाच येतं का, तिसरी गादी जमिनीवर घातली की खाट दिली, याही गोष्टी लिहाव्यात.

हाउसबोटीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे बहुतेकांची निराशा गैरसमजातून होते. साध्या डिलक्स बोटीत एसी सहसा रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे दुपारी बाराला चढून सकाळी नऊला उतरताना पाण्यावर प्रत्यक्ष फिरणं काही तासांचंच होतं. ही फसवणूक नव्हे, पण कंपनीने आधी सांगितलं होतं का, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. बोट फक्त तुमची होती की दुसऱ्या कुटुंबाबरोबर, तेही लिहा.

गाइडच्या ज्ञानावर मत देण्याआधी गाइड होता का, ते पाहा. छोट्या खासगी पॅकेजमध्ये बहुधा फक्त ड्रायव्हर असतो. तो वेळेवर आला, घाटात जपून चालवला, याचं कौतुक जरूर करावं, पण इतिहास सांगणं त्याचं काम नव्हे. मोठ्या ग्रुपबरोबर टूर मॅनेजर असतो, तोही प्रामुख्याने व्यवस्थेचा माणूस. ‘जाणकार गाइड’ असं छापलं असेल, तरच त्या मापाने मोजावं. थेक्कडीच्या तलावात वाळलेले बुंधे का उभे आहेत, असं विचारून पाहा. मुल्लपेरियार धरण 1895 मध्ये झालं आणि जंगल पाण्याखाली गेलं, त्याचे ते अवशेष आहेत. मट्टनचेरीच्या राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी बांधला आणि डचांनी नंतर दुरुस्त केला. खरा गाइड हे न विचारता सांगतो. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी मोठ्या प्रमाणावर फुलते, मागचा बहर 2018 चा होता. ‘दरवर्षी या, दिसेल’ असं सांगणाऱ्याच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवू नये. त्याने मसाल्याच्या दुकानात तास घालवला आणि राजवाड्यात पंधरा मिनिटं, तर ते आकडे तसेच लिहावेत. ते पुरेसं बोलतात.

आता पैसे. समजा, चौघांसाठी 92,000 रुपये सांगितले. त्यावर 5 टक्के जीएसटीचे 4,600 लागले. एकतीस डिसेंबरला हॉटेलने सक्तीच्या खास जेवणाचे माणशी 2,000 म्हणजे 8,000 घेतले. बोटिंग, उद्यानाचं तिकीट, कथकली आणि कळरिपयट्टूचे खेळ यांत 6,400 गेले. एकूण 1,11,000. ‘19,000 रुपये जास्त उकळले’ असं लिहिणं सोपं आहे, पण खरं नाही. तिकिटं ‘समाविष्ट नाही’ या यादीत असतील, तर ती लपवलेली नव्हती. जीएसटी वेगळा असल्याचं कोटेशनवर होतं का, ते पाहावं. जेवणाचे 8,000 मात्र कुठेच लिहिलेले नसतील, तर खरी छुपी रक्कम तीच. नाताळ आणि वर्षअखेरीची अशी जेवणं हॉटेलं आधीच ठरवतात, त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कंपनीचं उत्तर मान्य करू नये. आधी लेखी परतावा मागा. नकार मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत, व्हाउचर आणि पावत्या हाताशी आहेत तोवर लिहा. महिना, बरोबर कोण होतं, सांगितलेली रक्कम आणि शेवटी खिशातून गेलेली रक्कम, या चार गोष्टी पहिल्या दोन ओळींत द्या. वाचणाऱ्याने आणखी काहीच वाचलं नाही, तरी तेवढ्या त्याच्यापर्यंत पोचायलाच हव्यात.