मोत्याचं भोक काय सांगतं?

मोत्यांच्या सराचा जवळून काढलेला फोटो आला, तर चकाकी नंतर बघा. आधी भोकाची कड बघा. नकली मोत्यावरचा लेप तिथे फुगलेला किंवा पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. जपानी अकोयासारख्या संवर्धित मोत्यात आतल्या मण्यावर चढलेला थर वेगळा ओळखू येतो. तो फार पातळ असेल, तर मोती लवकर निस्तेज होतो. मोत्यांमधल्या गाठी घर्षण टाळतात खऱ्या, पण त्या नकली सरालाही मारतात. शिवाय फोटोतला गुळगुळीतपणा निव्वळ प्रकाशाचा खेळही असू शकतो. म्हणून सर हातात घ्या आणि दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. अस्सल थराला बारीक खरखर लागते, नकली मोती सहसा घसरतो. मात्र मोती नैसर्गिक की संवर्धित, हे घासून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक्स-रेच काढून घ्या.