ढास आणि बेडका

खोकल्याबरोबर कफ सुटून येत असेल तर तो ओला खोकला. घशात खवखव, ढासेवर ढास आणि बेडका मात्र पडत नाही, तो कोरडा. ओला खोकला श्वासनलिकेत साठलेला कफ बाहेर टाकतो, म्हणून तो उपयोगाचा. कोरड्यात टाकायला काही नसते. चिडलेली नलिका उगाच खोकत राहते.

साध्या सर्दीत हे दोन्ही प्रकार एकाच माणसाला होऊ शकतात. पहिले दोन-तीन दिवस घसा दुखतो आणि खोकला कोरडा असतो. मग कफ सुटू लागतो, छातीत घुरघुर ऐकू येते. सर्दी ओसरल्यावर पुन्हा कोरडी ढास उरते आणि ती कधी कधी तीन-चार आठवडे रेंगाळते. म्हणजे पहिल्या दिवशी आणलेली बाटली पाचव्या दिवशी चुकीची ठरू शकते.

कोरड्या ढासेने झोप उडत असेल, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले सिरप ती दाबते. हेच सिरप कफ भरलेला असताना घेतले, तर कफ आतच अडकून राहू शकतो. ओल्या खोकल्यात अँब्रॉक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिन कफ पातळ करते. या औषधांचा गुण बेताचाच असतो; कोमट पाणी वारंवार पिणे हा त्याहून स्वस्त उपाय. बाटलीवरची घटकद्रव्ये वाचली, तर काहींत खोकला दाबणारे आणि कफ सोडवणारे औषध एकत्र सापडते. असे सिरप घेण्यात अर्थ नाही. कफ पिवळा-हिरवा झाला, एवढ्यावरून अँटिबायोटिकही सुरू करू नये. पांढऱ्या पेशींमुळेही तसा रंग येतो.

कोरड्या खोकल्याला चमचाभर मध बरा, पण एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. पाच वर्षांखालील मुलांना खोकल्याचे सिरप स्वतःहून देऊ नये.

सर्दी नसतानाही कोरडा खोकला महिनोन्‌महिने टिकत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थांना रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू झाले आणि काही आठवड्यांनी ढास लागली. तीन सिरपे संपली, ढास तशीच. या गोळीचा तो ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली की खोकला बहुधा काही आठवड्यांत थांबतो. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये. रात्री किंवा पहाटे ढास लागून छातीत शिट्टी वाजत असेल तर दम्याचा, आडवे होताच लागत असेल तर आम्लपित्ताचा संशय घ्यावा.

बेडक्यात रक्त दिसले किंवा धाप लागली, तर सिरपाच्या नादी न लागता लगेच डॉक्टर गाठावा. खोकला ओला असो वा कोरडा, दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.