सोमवारची तुलना सोमवारशीच

एका सहकारी बँकेत रोज हजार-बाराशे व्यवहार होतात असं धरू. आकडा अचानक उसळला तर कुणालातरी कळायला हवं. पण दर सोमवारी इशारा वाजू लागला, तर महिन्याभरात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही.

मागच्या सात दिवसांची फिरती सरासरी काढली की नेमकं हेच होतं. तिच्यात रविवारचा शुकशुकाट मिसळतो आणि सोमवारची नेहमीची गर्दीही संशयास्पद दिसू लागते. म्हणून सोमवारची तुलना मागच्या आठ सोमवारांशी करायची. त्यांची सरासरी १,२०० आली आणि आकडे तिच्यापासून साधारण ६० ने इकडेतिकडे होत असले (संख्याशास्त्रात याला प्रमाण विचलन म्हणतात), तर सरासरीत या ६० ची तिप्पट मिळवायची. मर्यादा झाली १,३८०. आज १,३४० व्यवहार झाले तर गप्प बसायचं, १,९०० झाले तर इशारा द्यायचा. पगाराची तारीख किंवा धनत्रयोदशी असेल, तर मागची तशीच तारीख काढून बघायची. तिथे सोमवार उपयोगी नाही.

इथे एक चूक फार सहज होते. आजचा आकडाही सरासरीत धरला जातो. मग आठ आकड्यांतला एक आजचा असेल, तर तो कितीही मोठा असला तरी तिपटीची मर्यादा ओलांडूच शकत नाही! तो स्वतःच सरासरी आणि विचलन दोन्ही फुगवतो. गणिताने हे सिद्ध करता येतं, पण पडद्यावर दिसतं ते एवढंच, की यंत्रणा शांत आहे. सरासरी कालपर्यंतच्याच आकड्यांची हवी.

पुढच्या आठवड्यात हाच घोळ मागच्या दाराने येतो. १,९०० आता 'मागच्या आठ' मध्ये जाऊन बसला. सरासरी जवळपास १,२९० होते, विचलन ६० वरून २४० च्या आसपास जातं आणि मर्यादा दोन हजारांवर पोचते. पुन्हा १,९०० व्यवहार झाले तर कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून इशारा दिलेला दिवस, त्याचं कारण सापडेपर्यंत, हिशेबातून बाजूला ठेवायचा. कारण बऱ्याचदा साधंच निघतं. एकच फाइल दोनदा चढवलेली असते; खातं, रक्कम आणि वेळ जशीच्या तशी दुसऱ्यांदा दिसली की ओळखावं.

एकूण आकड्यावर मात्र फार विसंबू नये. ११ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहार झाले. मोठ्या बँकेच्या दिवसभराच्या बेरजेत एवढे व्यवहार सहज दडू शकतात. परदेशी एटीएमचे व्यवहार वेगळे मोजले तर ते उठून दिसतात. तेही तासातासाला मोजायला हवेत, कारण रोजचा आकडा हाती येतो दुसऱ्या दिवशी सकाळी.