बोर्सची रांग

रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा कशी जन्मली, यावर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं होतं. तो इतिहास बऱ्याच ठिकाणी लिहून झाला आहे. मी मात्र अडकलो ते या प्रकल्पाच्या एका कोपऱ्यात, बोर्स नावाच्या एका बॉटच्या रांगेपाशी. रस्टचा कंपायलर जिथे लिहिला जातो तिथे जगभरातून बदल येत असतात, एका दिवसात डझनावारी पुल रिक्वेस्ट मंजूर होतात, आणि त्यातली एकही माणसाच्या हाताने मेन ब्रँचमध्ये जात नाही. मंजुरी माणूस देतो, मर्ज बोर्स करतो.

यात एवढं काय, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी एक साधं उदाहरण. सकाळी दोघांनी एकाच मेनवरून आपापल्या ब्रँच काढल्या. पहिलीने `read_config` या फंक्शनचं नाव बदलून `load_config` केलं आणि जिथे जिथे जुनं नाव वापरलं होतं तिथे तिथे बदललं. दुसऱ्याने एक नवी फाइल लिहिली आणि तिच्यात जुन्या नावाने हाक मारली. दोन्ही पीआरच्या चाचण्या हिरव्या. दोघांनी वेगवेगळ्या फाइलींना हात लावलेला, त्यामुळे गिटलाही काही खटकत नाही. दुपारी दोन्ही मर्ज होतात आणि मेनवर हे दिसतं:

```
error[E0425]: cannot find function `read_config` in this scope
```

चूक कोणाची? कोणाचीच नाही. प्रत्येकाची चाचणी झाली ती सकाळच्या मेनवर. दुपारचं मेन कोणी तपासलंच नाही. आणि आता संध्याकाळपर्यंत जो कोणी मेन ओढून घेईल त्याचा बिल्ड तुटणार, आणि तो बिचारा आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसणार.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे सक्ती: मर्ज करण्याआधी ब्रँच ताज्या मेनवर आणा आणि पुन्हा चाचणी घ्या. दिवसाला दोन पीआर असतील तर हे चालतं. वीस असल्या की एकीची चाचणी संपेपर्यंत दुसरी आत गेलेली असते, मेन पुढे सरकलेलं असतं, आणि उरलेले सगळे पुन्हा अपडेटचं बटण दाबून पहिल्यापासून सुरू. ज्याचा डोळा स्क्रीनवर आणि बोट बटणावर, त्याचा नंबर लागतो.

रस्टचे मूळ कर्ते ग्रेडन होअर यांनी 2014 मध्ये बोर्समागचा नियम लिहून ठेवला: सर्व चाचण्या सदैव पास होतील असं कोडचं भांडार आपोआप राखायचं. हे काही रॉकेट सायन्स नव्हे, असं त्यांनी नियमाच्या नावातच सांगून टाकलं. कल्पना आपली नव्हे, हेही त्यांनी नोंदवलं. सिग्नस कंपनीत बऱ्याच आधी क्रॉन, आरसिंक आणि थोड्या पर्लवर अशी व्यवस्था चालत होती. होअर यांनी रस्टसाठी पहिला बोर्स लिहिला. पुढे बरोसल ली यांच्या होमू या प्रोग्रामने ते काम घेतलं, पण रांगेतल्या लोकांच्या तोंडी नाव बोर्सच राहिलं.

यंत्र कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. कोड तपासणारा पीआरखाली `@bors r+` एवढंच लिहितो. पीआर रांगेत लागते. तिचा नंबर आला की बोर्स त्या क्षणीचं मेन घेतो, त्यावर पीआर मर्ज करतो आणि तो कमिट मेनवर न टाकता `auto` नावाच्या वेगळ्या ब्रँचवर ठेवतो. लिनक्स, विंडोज, मॅक अशा अनेक प्लॅटफॉर्मवरच्या चाचण्या त्याच कमिटवर धावतात. सगळ्या पास झाल्या, तर मेनचा काटा सरळ त्या कमिटवर सरकवला जातो. नवं मर्ज होत नाही. जे तपासलं तेच, अगदी त्याच हॅशसकट, मेन बनतं. आपल्या उदाहरणातली दुसरी पीआर इथे `auto` वरच लाल होते. मेनला त्याचा पत्ताही लागत नाही. एकेरी मार्गावर एका वेळी एकाच गाडीला टोकन मिळतं, तसाच हा शिस्तीचा प्रकार.

मला यातली निर्दय सरळता आवडली. पण ही सरळता महाग आहे. रस्टची पूर्ण चाचणी तीन तासांच्या आसपास चालते. एकामागून एक म्हटलं तर चोवीस तासांत आठ मर्ज, आणि मंजूर झालेल्या पीआर त्याहून कितीतरी जास्त.

ओपनस्टॅकच्या लोकांनी यावर झूल नावाचा वेगळा तोडगा काढला. झूल आशावादी आहे. रांगेत पाच बदल असतील तर तो पाचांच्या चाचण्या एकदमच सुरू करतो. तिसऱ्याची चाचणी पहिले दोन पास होणारच असं धरून चालते. अंदाज बरोबर निघाला तर पाचही एका चाचणीच्या वेळात आत. दुसरा फुटला तर त्याच्यामागच्या तिघांची मेहनत वाया, आणि त्याला वगळून तिघांची नव्याने सुरुवात. यात वेळ वाचतो, पण मशिनं जळतात.

रस्टने मोळी बांधायची पद्धत धरली. तिला रोलअप म्हणतात. हे काम स्वयंसेवक करतात, आणि माझ्या मते या सगळ्या कारखान्यातलं सर्वांत कमी गाजलेलं कसब तेच आहे. सात-आठ निरुपद्रवी पीआर निवडायच्या, एकत्र करून एकच पीआर बनवायची आणि रांगेत लावायची. कागदपत्रांतली दुरुस्ती, एरर मेसेजमधला शब्द, असलं काही असेल तर तपासणाऱ्याने आधीच `rollup` लिहिलेलं असतं. धोका वाटला तर `rollup=iffy`. कंपायलरच्या वेगावर परिणाम होईलसं वाटलं तर `rollup=never`, म्हणजे ती एकटीच जाईल.

मोळी किती मोठी बांधायची? समजा, प्रत्येक पीआर पास होण्याची शक्यता 95 टक्के आहे. आठांची मोळी पूर्ण पास होण्याची शक्यता 66 टक्क्यांवर येते. तीनपैकी एक फुटणार. फुटली की लॉग उघडायचा, कुठल्या प्लॅटफॉर्मवर कुठली चाचणी पडली ते बघायचं, कोणाच्या बदलाने त्या भागाला हात लावला ते ताडायचं, त्या पीआरवर `@bors r-` लिहून तिला रांगेबाहेर काढायचं आणि उरलेल्यांची मोळी पुन्हा बांधायची. ताडणं चुकलं तर आणखी तीन तास.

पण खरा शत्रू लाल चाचणी नव्हे, मधूनच लाल होणारी चाचणी. समजा, पन्नास जॉब आहेत आणि प्रत्येक जॉब दोनशेंपैकी एकदा नेटवर्क अडखळल्यामुळे वा वेळ संपल्यामुळे उगाच पडतो. ऐकायला किरकोळ, पण पन्नासही एकदम पास होण्याची शक्यता 78 टक्केच उरते. पाचातली एक फेरी कोणाचाही दोष नसताना वाया. अशा वेळी `@bors retry` लिहिलं जातं, आणि इथेच मला काळजी वाटते. लॉग न वाचता रिट्राय मारायची सवय लागली की खरोखर कधीतरीच उगवणारा बग रिट्रायवर रिट्राय खात एक दिवस हिरवा होऊन आत शिरतो. बाहेरची एखादी सेवाच बंद पडली तर `@bors treeclosed=100` लिहून रांगेचं दार लावतात; शंभरपेक्षा कमी प्राधान्याचं काहीही मग आत जात नाही. शिस्तीचा तो भाग प्रामाणिक आहे.

मोळीची किंमत नंतरही चुकवावी लागते. रस्टमध्ये कंपायलर कधीपासून बिघडला हे शोधायला `cargo-bisect-rustc` वापरतात. ते बोर्सच्या मर्जपर्यंत आणून सोडतं. तो मर्ज एका पीआरचा असेल तर गुन्हेगार हाती लागला. रोलअप असेल तर आठ संशयित समोर उभे. कंपायलर हळू झाला असेल तर आणखी पंचाईत, कारण वेगाचं मोजमाप आख्ख्या मोळीचं झालेलं असतं. म्हणून रोलअप मर्ज झाल्यावर तिच्यातली प्रत्येक पीआर सुटी करून तिचा वेगळा बिल्ड तयार ठेवतात आणि त्यांच्या हॅशची यादी त्या रोलअपखाली लावतात. ज्याला शंका असेल त्याने यादीतला एक हॅश उचलायचा आणि तेवढ्याच पीआरचं मोजमाप मागवायचं.