आधी बोल, मग लिही

भाची लॅपटॉप घेऊन आली तेव्हा स्लाइड्स तयार होत्या. तिने नाही, गटातल्या मैत्रिणीने केलेल्या. विषय गावातल्या पाच विहिरींच्या पाण्याचा, वर्ग टी.वाय.बी.ए. भूगोल, स्लाइड्स सात, वेळ आठ मिनिटं, आणि बोलायची पाळी हिची. तिने प्रत्येक स्लाइडखाली, जिथे 'Click to add notes' असं लिहिलेलं असतं तिथे, अख्खं भाषण टाइप करून ठेवलं होतं. "मामा, उभी राहिले की मला एक शब्द सुचत नाही, म्हणून सगळंच लिहून ठेवलंय."

घड्याळ लावून तिला बोलायला सांगितलं. ती बोलली नाही, तिने वाचलं. अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या स्लाइडवर एक ओळ सुटली. ती शोधायला ती थांबली, सापडेना, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी बरीच वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या आहेत आणि हे दृश्य मला पाठ आहे. घाबरलेली मुलं वाचतात हे खरं, पण पूर्ण वाक्यं समोर असली की धीट माणूसही वाचायला लागतो. डोळ्यांपुढे लिहिलेलं वाक्य असताना ते सोडून स्वतःचं वाक्य बांधणं अवघड जातं. एकदा वाचायला लागलं की नजर कागदाला बांधली जाते, ती वर उचलली की ओळ हरवते, आणि ओळ हरवली की भीती दुप्पट. आधारासाठी लिहिलेला मजकूरच पाडतो.

शिवाय तो मजकूर बोलीत नसतो. भाचीच्या चौथ्या स्लाइडखाली असं होतं: "सदर आलेखामध्ये निवडलेल्या पाच विहिरींच्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षारांचे प्रमाण दर्शविण्यात आले असून, त्यावरून असे निदर्शनास येते की क्षेत्रनिहाय प्रमाणात लक्षणीय तफावत आहे." ही मुलगी जन्मात कधी 'निदर्शनास येते' म्हणाली नसेल. असं वाक्य घशातून येताना आवाज सपाट होतो आणि प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच सुरात खाली पडतो. कोणी वाचतंय की बोलतंय हे डोळे मिटूनही कळतं ते त्या सुरावरून.

तेव्हा मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, त्या चौथ्या चित्रात काय आहे ते मला नुसतं सांग. मी तिथे आलो नव्हतो असं समज.

"अहो, गंमत म्हणजे ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी सगळ्यात गोडं, मे महिन्यातसुद्धा 410. आणि उसाच्या पट्ट्यातली विहीर बघा, 1380! पाऊस झाल्यावर ती उतरली, पण 960 च्या खाली काही आली नाही."

एवढं ती न अडखळता बोलली. आकडे पाठ होते, कारण पेनासारखा तो मीटर हातात धरून तिनेच ते घेतले होते. म्हणजे तिला सुचत नव्हतं हे खोटं. तिने आधी लिहिलं आणि मग बोलायला गेली, गोची तिथे होती. नोट्स लिहायच्या त्या बोलून झाल्यावर. कागदावरच्या शब्दाने आधी एकदा तोंडातून गेलेलं वाक्य आठवलं पाहिजे. ते वाक्य कधी बोललंच गेलं नसेल, तर शब्द बघून आठवणार काय?

म्हणून आम्ही उलट्या क्रमाने गेलो. सात स्लाइड्स एकेक उघडायच्या, फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, आणि प्रत्येक स्लाइड आजीला समजावून सांगायची. आजी हे उत्तम गिऱ्हाईक. "मग मीटरने काय मोजतात गं?" असं ती मध्येच विचारते आणि उत्तर देताना भाचीची भाषा आपोआप सुटी होते. नंतर रेकॉर्डिंग ऐकून, तिचे स्वतःचे शब्द घेऊन, प्रत्येक स्लाइडची नोंद केली.

नोंदीत सगळं पूर्ण लिहायचं नाही, पण दोन वाक्यं पूर्ण लिहायची: आत शिरायचं आणि बाहेर पडायचं. घाबरलेला माणूस मध्ये फारसा अडत नाही, तो सांध्यावर अडतो. एक स्लाइड संपली, पुढची आली, आणि आता कुठून धरू? म्हणून पहिलं वाक्य तयार हवं. शेवटचं वाक्य पुढच्या स्लाइडकडे नेणारं हवं, आणि ते बटण दाबायच्या आधी बोलायचं असतं. बहुतेक मुलं आधी बटण दाबतात आणि मग पडद्यावर काय आलं ते प्रेक्षकांबरोबर स्वतःही बघतात. हे टाळण्यासाठी नोंदीच्या तळाशी पुढच्या स्लाइडचं नाव लिहून ठेवायचं.

या दोन वाक्यांच्या मध्ये फक्त खुणेचे शब्द. आमची चौथ्या स्लाइडची नोंद शेवटी अशी उतरली:

"मीटर बुडवल्यावर आम्हाला काय दिसलं, ते हे चित्र."
ओढा – 410 – गोडं
ऊस – मे 1380, ऑगस्ट 960
कदाचित (दोनदा अधोरेखित)
"पण एकाच विहिरीत इतका फरक का पडतो? त्यासाठी गावचा नकाशा बघू."
पुढे: नकाशा

खुणेची ओळ चार-पाच शब्दांवर गेली की ती पुन्हा वाचली जाते, हे आम्ही करून पाहिलं. 'उसाच्या पट्ट्यातील विहिरीत सर्वाधिक क्षार' असं लिहिलं तर ती तेवढंच म्हणून थांबायची. नुसतं 'ऊस' लिहिलं की तिला वाक्य स्वतः करावं लागे, आणि ते दर वेळी थोडं वेगळं निघे. वेगळं निघणं ही चांगली खूण. तिन्ही तालमींत शब्दन् शब्द सारखा आला, तर ते पाठांतर झालं आणि एक शब्द निसटला की पुढचे सगळे निसटणार.

आकडे मात्र पूर्ण लिहायचे. छाती धडधडायला लागली की सगळ्यात आधी आकडे जातात, आणि 1380 चे 1830 व्हायला वेळ लागत नाही. तसंच एखादी व्याख्या किंवा कुणाचं अवतरण असेल तर ते शब्दशः लिहावं आणि उघडपणे वाचावं: कार्ड वर उचलायचं, वाचायचं, खाली ठेवायचं. कोणी नाव ठेवत नाही.

आता त्या 'कदाचित'बद्दल. उसाला पाणी भरपूर देतात, खतं भरपूर टाकतात, त्यातले क्षार झिरपून विहिरीत उतरत असतील, असा मुलींचा अंदाज होता. अंदाज बरा आहे, पण पाच विहिरींच्या दोन-दोन मोजण्यांवरून तो सिद्ध होत नाही. जमीन, खडक, विहिरीची खोली, काहीही कारण असू शकतं. घरात बोलताना भाची 'असेल' म्हणत होती. तालमीत उभी राहिली की तेच 'उसामुळेच झालं' असं ठणकावून यायचं. भीतीने माणूस घाई करतो आणि घाईत पहिल्यांदा गळतात ते असे सावधगिरीचे शब्द. परीक्षक नेमका तिथेच पकडतो. म्हणून विषयाच्या दृष्टीने मोलाचा असा एकच सावध शब्द नोंदीत ठळक हवा.

कार्डाच्या मागच्या बाजूला 'विचारलं तर' असं लिहून दोन ओळी घातल्या. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे IS 10500 प्रमाणे, पिण्याच्या पाण्यात विद्राव्य क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. स्लाइडवर मैत्रिणीने फक्त 500 ची लाल रेघ मारली होती, त्यामुळे 1380 बघून कोणालाही वाटेल की विहीर बादच झाली. स्लाइड जे सांगत नाही ते नोंदीत असावं. स्लाइडवर छापलेलंच पुन्हा नोंदीत लिहिलं तर ती मुलगी पडद्याकडे तोंड करून तेच वाचणार, आणि लोकांनी ते तिच्या आधी वाचून संपवलेलं असणार.

'इथे थांब', 'पाणी पी', 'बोट दाखव' अशा सूचना शब्दांत लिहू नयेत. मुलं त्याही वाचून मोकळी होतात. मी एका मुलाला गंभीर चेहऱ्याने "दोन सेकंद थांबा" असं परीक्षकांना सांगताना ऐकलं आहे. आम्ही थांबायला दोन उभ्या रेघा आणि चित्राकडे बोट दाखवायला बाण ठेवला.

राहिला यंत्राचा भाग. पॉवरपॉइंटमध्ये Presenter View चालू असेल तर बोलणाऱ्याला आपल्या लॅपटॉपवर नोट्स, पुढची स्लाइड आणि घड्याळ दिसतं, प्रेक्षकांना फक्त स्लाइड. घरी दुसरा पडदा नसला तरी Alt+F5 दाबून हे बघत तालीम करता येते. मात्र त्यासाठी वर्गात विंडोजची कळ आणि P दाबून Extend निवडलेलं असावं लागतं. Duplicate असेल तर दोन्हीकडे एकच चित्र जातं, आणि तेव्हा Alt+F5 दाबलं तर नोट्स सगळ्या वर्गाला दिसतात. फाइल पीडीएफ करून नेली तर नोट्स त्यात सहसा येतच नाहीत. या कारणांसाठी सातही नोंदी पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर मोठ्या अक्षरात उतरवल्या आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात क्रमांक घातला. पातळ कागद थरथरत्या हातात वाजतो, आणि तो आवाज बोलणाऱ्यालाच सगळ्यात जास्त ऐकू येतो.

एक मर्यादा सांगायला हवी. ही कार्डं मी तिला लिहून दिली असती तर चालली नसती. 'ओढा – 410 – गोडं' यात माझ्यासाठी काहीच नाही. ज्याने मीटर बुडवला त्याच्यासाठी त्यात सगळं आहे. काम न करता दुसऱ्याच्या प्रकल्पावर उभं राहणाऱ्याला खुणेचे शब्द तारत नाहीत, त्याला वाचावंच लागतं.

त्या दिवशी कॉलेजच्या संगणकावर पीडीएफच उघडली. नोट्स नाहीत, घड्याळ नाही. भाचीने कार्डं काढली. पहिलं वाक्य तिला पाठच होतं, ते खिडकीकडे बघत म्हणाली. चौथ्या स्लाइडवर परीक्षकांनी लाल रेघेवर बोट ठेवून विचारलं, मग हे पाणी लोक पितात कसं? तिने कार्ड उलटलंही नाही.

संध्याकाळी तिने कार्डं माझ्यापुढे टाकली. सहाव्या कार्डावर तीन खुणा होत्या, त्यातली मधली ती बोलायलाच विसरली होती. "कोणाला कळलं नाही, मामा," ती म्हणाली. "त्यांना कुठे माहीत होतं तिथे काही होतं म्हणून."